बॅटरी नाही तर फास्टॅग वाचतो कसा
"फास्टॅगमध्ये बॅटरी नाही मग टोलवर चालत्या गाडीतून वाचतो कसा, आणि पैसे कटल्याचा मेसेज उशिरा का?"

दादा, लेनवरचा अँटेना रेडिओ लहरी सोडतो, त्यातूनच चिपला करंट मिळतो आणि ती आपला नंबर परत पाठवते, बस. बॅलन्स टॅगमध्ये नसतोच, तो बँकेत. करजण टोलवर आपल्या बडोद्याच्या गाड्या जातात तेव्हा सिस्टिम फक्त बघते की हा नंबर ब्लॅकलिस्टमध्ये आहे का, नसेल तर दांडा वर, आणि पैसे नंतर टोलच्या बँकेकडून बँकांना जोडणाऱ्या एनपीसीआय संस्थेमार्फत तुमच्या बँकेतून कटतात, म्हणून मेसेज मागाहून. काचेवर धातूची फिल्म असली की मात्र लहरी अडतात, टॅग चांगला असूनही वाचत नाही, लोक उगाच नवीन टॅग घेत बसतात. आणि हातात धरून दाखवू नका, काचेला आतून चिकटवा