डावी उघडली, उजवी मिटली

रात्री दीड वाजता मला शोध लागला, की माझ्या नाकपुड्या पाळ्या लावून काम करतात. डाव्या कुशीवर झोपलो की डावी बंद. उजवीकडे वळलो की थोड्या वेळाने डावी 'सुंई' करून उघडायची आणि उजवी संपावर जायची. तव्यावरच्या पोळीसारखा मी दर पाच मिनिटांनी उलटत होतो.

आत साचलंय तेच इकडून तिकडे वाहतंय, अशी माझी समजूत. म्हणून जोर लावून नाक शिंकरलं. निघालं काहीच नाही, उलट कानात दडा बसला. मागे डॉक्टरांनी सांगितलं होतं ते तेव्हा आठवलं: नाक चोंदतं ते बरंचसं सुजेने. आतल्या मऊ घड्या रक्ताने फुगतात. आडवं झालं की जास्तच, आणि खालच्या बाजूला सगळ्यात जास्त. सूज काही रुमालात येत नाही.

खुडबुड ऐकून आई उठली. "वाफ घे रे," म्हणत तिने पाणी उकळलं, गॅस बंद केला आणि पातेलं ओट्यावरच ठेवलं. पलंगावर आणू दिलं नाही. मांडीवर पातेलं उलटलं तर सर्दी परवडली, असं तिचं म्हणणं. टॉवेलखाली शिरलो तर चष्मा काढायचा राहिलेला. दहा मिनिटं स्वर्ग. अंथरुणात पडल्यावर पंधराव्या मिनिटाला दार पुन्हा बंद. मग बाम चोळला. गार गार वाटलं, पण ते नुसतं वाटणंच. वाट काही रुंद झाली नाही.

ड्रॉवरमध्ये नाक झटकन उघडणाऱ्या थेंबांची बाटली होती. तिच्याकडे बघितलंही नाही. मागच्या वर्षी ती तीन-चार दिवसांत थांबवायची सोडून मी तीन आठवडे ओढली होती. शेवटी सर्दी गेली तरी नाक थेंबांशिवाय उघडेना.

शेवटी मिठाच्या पाण्याचे साधे थेंब घेतले. मान पलंगाच्या कडेवरून मागे टाकून प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन. घशात खारट ओघळ आला. पाच मिनिटं थांबलो, मग एक बाजू दाबून दुसरी हलकेच शिंकरली. या खेपेला ऐवज निघाला! सूज तशीच राहते, पण घट्ट झालेलं सुटतं.

उरला उशांचा प्रश्न. डोक्याखाली तीन रचल्या तर हनुवटी छातीला टेकली आणि मान अवघडली. मग दिवाणावरचा लोड आणून पाठीखाली घातला, त्यावर एक उशी. कमरेपासून वर उतार झाला. नाक पूर्ण उघडलं नाही, पण दोन्हीकडून थोडी थोडी हवा यायला लागली. साडेतीनला डोळा लागला.

सहाला आईने खांदा हलवला. "झोपलास का रे? पाणी उकळलंय."