कुऱ्हाड माझ्याकडे

ज्येष्ठ पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळणं हे काही अवघड काम नाही. रांगेत उभं राहायचं, पुढच्या बाईच्या सुतात आपलं सूत अडकू द्यायचं नाही, फेऱ्या मोजताना मागून कुणी 'किती झाल्या हो?' विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, नाहीतर आपली मोजणी चुकते. अवघड आहे ते त्या दिवशी सकाळी नवऱ्याला पाठवायचा मेसेज लिहिणं.

आमच्या सासरच्या ग्रुपवर तशी प्रथाच आहे. सगळ्या सुना आपापल्या नवऱ्यासाठी चार ओळी टाकतात, नवरे खाली हात जोडतात आणि दोन्ही आत्याबाई सगळं वाचून मनातल्या मनात गुण देतात. चौदा वर्षं मी कुठून तरी आलेलं चित्र पुढे ढकललं. वडाचं झाड, नऊवारीतली बाई आणि 'जन्मोजन्मी हाच पती लाभो'. २०२५ साली वटपौर्णिमा १० जूनला, मंगळवारी आली. आदल्या रात्री नवरा भांडी घासता घासता म्हणाला, "उद्या परत तेच चित्र टाकणारेस का? त्यातली बाई दरवर्षी तीच असते. मला आता तिचीच ओळख जास्त वाटायला लागलीय."

टोमणा बरोबर होता. शिवाय तो भांडी घासत असताना मारलेला होता, त्यामुळे त्याला उलटं बोलताही येईना.

मग मी लिहायला बसले. अट दोनच: मेसेज परंपरेतला वाटला पाहिजे, म्हणजे आत्याबाई गप्प राहतील. आणि बरोबरीचा असला पाहिजे, म्हणजे मी गप्प राहीन.

मी सीएच्या ऑफिसात काम करते. भागीदारी म्हटलं की मला १९३२चा कायदा आठवतो. त्यात एक सुरेख तरतूद आहे: भागीदारांनी आपसात वेगळं काही ठरवलं नसेल, तर नफा-तोटा समसमान. मला वाटलं, झालं, हेच लिहू. 'आपण करार केला नव्हता, म्हणून सगळं निम्मं निम्मं.' लिहिलं आणि त्याच कलमातली त्याच्या आधीची ओळ आठवली. वेगळं ठरलं नसेल तर धंदा चालवण्यात भाग घेतल्याबद्दल कुठल्याही भागीदाराला मेहनताना मिळत नाही. कायदा करणाऱ्यांनी आमचं स्वयंपाकघर पाहिलं होतं की काय! मेसेज पुसला. वटपौर्णिमेला नवऱ्याला कलमं पाठवली तर तो उत्तरादाखल वकील पाठवेल.

मग उखाणा. 'वडाच्या झाडाला सात वेढे सुताचे, ...रावांचं नाव घेते, काम दोघांचं भांड्यांचे.' व्याकरण गेलं, यमकही लंगडलं. 'चहा करतात ते, पोळ्या करते मी' एवढ्यावर आले, तर पुढे 'मी'ला यमक म्हणून 'कमी' सोडून काही सुचेना. ते खरं असलं तरी सणासुदीला लिहिण्यासारखं नव्हतं.

साडेदहाला सासूबाई पाणी प्यायला आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ऑफिसचं काम?"

"नाही आई, वटपौर्णिमेचं. ह्यांच्यासाठी मागणं लिहितेय. असं हवंय की फक्त मी त्यांच्यासाठी मागतेय असं वाटू नये."

त्यांनी देवघराच्या फळीवरून पूजेची पोथी काढली. हळदीचे बोट उमटलेलं पान थेट उघडलं आणि म्हणाल्या, "मग आहे तेच लिही की."

अवियोगो यथा देव सावित्र्या सहितस्य ते।
अवियोगस्तथास्माकं भूयाज्जन्मनि जन्मनि॥

चौदा वर्षं मी हे भटजींच्या मागोमाग म्हणतेय, म्हणजे शेवटचं अक्षर तेवढं जोरात म्हणतेय. अर्थ कधी पाहिला नव्हता. देवा, सावित्रीबरोबर तुझा जसा कधी वियोग नाही, तसा आमचाही जन्मोजन्मी न होवो. ही सावित्री ब्रह्मदेवाची, सत्यवानाची नव्हे, हेही मला तेव्हाच कळलं. 'हाच पती मिळो' कुठेच नाही. सातचा आकडाही नाही. 'मला' नाही, 'त्यांना' नाही. आहे ते 'अस्माकं', म्हणजे आमचा.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "मागणं दोघांचंच आहे. चित्रं काढणाऱ्यांनी एकटीचं केलं." आणि झोपायला गेल्या. या बाईला मी इतकी वर्षं जुन्या वळणाच्या म्हणत होते.

पण नुसता संस्कृत श्लोक पाठवला असता तर नवऱ्याने हात जोडले असते आणि विसरला असता. म्हणून मी सावित्रीची मूळ गोष्ट वाचायला घेतली. महाभारताच्या वनपर्वात ती मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला सांगतात. घरात मराठी भाषांतराचे खंड आहेत, लग्नात आहेर म्हणून आलेले, अजून कोरे. रात्री एक वाजेपर्यंत वाचत होते.

यम आणि सावित्रीचं बोलणं वाचताना तर मी ऑफिसात असल्यासारखी पेन्सिल घेऊन बसले. पहिले चार वर देताना यम प्रत्येक वेळी अट घालतो, 'सत्यवानाचं जीवित सोडून काहीही माग.' ती सासऱ्यांची दृष्टी मागते, मग त्यांचं गेलेलं राज्य, मग आपल्या वडिलांना शंभर पुत्र, मग स्वतःला शंभर पुत्र. पाचव्या वेळी यम ती अट घालायलाच विसरतो. आणि हिच्या ते लक्षात येतं. सरळ म्हणते, या खेपेला तुम्ही अपवाद ठेवलेला नाही, तेव्हा सत्यवान जगू दे. रडून मिळवलेला नवरा नाही हा, मसुदा नीट वाचून मिळवलेला आहे. आमच्या सीएसाहेबांनी तिला मुलाखतीशिवाय घेतलं असतं.

पण मला जे हवं होतं ते त्यापुढे होतं. जिथे आपण टीव्ही बंद करतो तिथे.

त्याआधी सत्यवानाबद्दल एक सांगितलं पाहिजे. लाकडं फोडताना तो म्हणतो, डोकं दुखतंय, जरा पडतो. आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवतो. (हे वाक्य आमच्या घरात दर रविवारी, पंखे पुसायचे ठरलं की ऐकू येतं.) मग यम येतो, प्राण नेतो, ती मागे चालत जाते, वाद घालते, जिंकते, परत येऊन पुन्हा त्याचं डोकं मांडीवर घेते. तो डोळे उघडतो आणि पहिलं वाक्य काय बोलतो? 'अरे, फारच झोपलो की मी. उठवलं का नाहीस?'

मी एकटीच मोठ्याने हसले. तीन दिवस उपाशी राहून, यमाशी भांडून आणलेला माणूस विचारतो, उठवलं का नाहीस!

तोवर रात्र झालेली असते. आश्रमात म्हातारे आईवडील वाट पाहत असणार म्हणून सत्यवान कासावीस. पण अंगात त्राण नाही. तेव्हा सावित्री म्हणते, फळं उद्या आण, कुऱ्हाड मी घेते. फळांचं ओझं ती झाडाच्या फांदीला टांगते, कुऱ्हाड उचलते, त्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेते आणि चालायला लागते. आता रस्ता कोण सांगणार? तो सांगतो. नेहमीच्या येण्याजाण्याने मला वाट ठाऊक आहे, म्हणतो. पळसांपाशी वाट दोन ठिकाणी फुटते, उत्तरेची धर.

एवढंच आहे. वजन तिच्याकडे, वाट त्याच्याकडे, आणि जे आज झेपणार नाही ते फांदीला टांगून उद्यावर. यात कुणी कुणाला 'बरोबरीचा दर्जा' दिला नाही. ज्याला जे जमत होतं ते त्याने केलं. उद्या तिचं डोकं दुखलं असतं तर कुऱ्हाड त्याने घेतली असती, असं मला तरी वाटतं. पंखे पुसताना याची चाचणी घेता येईल.

पहाटे सहाला मी मेसेज लिहिला. एकदाही न खोडता.

'सावित्रीने सत्यवानाला म्हटलं तेच म्हणते. फळं उद्या आण, कुऱ्हाड माझ्याकडे दे. तुला झेपेल तेवढं तू उचल, उरलेलं मी. मला अंधारात दिसेनासं झालं की पळसापाशी कुठे वळायचं ते तू सांग. जे दोघांनाही झेपणार नाही ते टांगून ठेवू. अवियोग असू दे, तुझा माझा, आपला.'

आणि ग्रुपवर न टाकता फक्त त्याला पाठवला. कारण घरात सगळ्यांसमोर मी त्याला 'अहो' म्हणते. 'तू' हे आमचं आतल्या खोलीतलं.

साडेसातला तो मेसेज ग्रुपवर होता. नवऱ्याने अभिमानाने टाकला होता, वर 'आमची सौ.' असं लिहून. मात्र घाईत वरची ओळ निसटली होती, त्यामुळे सुरुवातच 'फळं उद्या आण, कुऱ्हाड माझ्याकडे दे' इथून झाली होती.

सात चाळीसला मोठ्या आत्याबाईंचा फोन. "अगं, सगळं ठीक आहे ना तुमच्यात? कुऱ्हाड कशाला हवीय तुला?" मी सावित्री, यम, पळस सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ते असू दे गं. पण त्याला तू म्हणतेस?" धाकट्या आत्याबाईंनी ग्रुपवर फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं. जावेने मला वेगळा मेसेज केला, 'कुऱ्हाड कुठून घेतलीस? मलाही एक.'

साडेआठला सासूबाई ओटीचे गहू ताटात काढून, पाच जणींच्या वाणाची ताटं मांडून बसल्या होत्या. ताटं रिकामी होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, साडेनऊला वडाशी पोचायचं होतं. आंबे, फणसाचे गरे, जांभळं, करवंदं, केळी, सगळं नवऱ्याने सकाळी लवकर मंडईतून आणायचं असं आदल्या दिवशी ठरलं होतं.

तो सोफ्यावर पेपर वाचत होता.

"अहो," मी सासूबाईंसमोर शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "फळं?"

त्याने पेपर खाली घेतला, मोबाइल उचलला आणि माझाच मेसेज माझ्यासमोर धरला.

"तूच लिहिलंस ना, उद्या आण म्हणून?"