सरळ मागणी रेषेवर लवचिकता एकच नसते

"मागणी रेषा सरळ असली की उतार सगळीकडे सारखा, म्हणून लवचिकताही सगळीकडे सारखीच. रेषा पसरट दिसली तर मागणी लवचिक, उभट दिसली तर अलवचिक. बारावीला एवढं पुरतं."

असं मागणीच्या लवचिकतेबद्दल म्हटलं जातं. उतार सारखा असतो, हे बरोबर. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. किंमत एक रुपयाने बदलली तर मागणी किती नगांनी बदलते, हे उतार सांगतो. लवचिकता मात्र शेकडेवारीचा हिशेब आहे: किंमत एक टक्क्याने बदलली तर मागणी किती टक्क्यांनी बदलते. शेकडेवारी मूळ आकड्यावर काढतात आणि रेषेवरून खाली येताना हा मूळ आकडाच बदलत जातो.

एका दुकानातल्या वह्यांची मागणी Q = 100 − 2P अशी आहे असं धरू, यात P म्हणजे किंमत आणि Q म्हणजे खपलेल्या वह्या. किंमत एक रुपयाने उतरली की कुठेही दोनच वह्या जास्त खपतात. 40 रुपयांना 20 वह्या जातात. किंमत 39 केली तर 22 जातात. म्हणजे किंमत अडीच टक्के उतरली आणि मागणी दहा टक्के वाढली: लवचिकता 4. आता 10 रुपयांवर या. तिथे 80 वह्या खपतात, 9 रुपयांना 82. किंमत दहा टक्के उतरली, मागणी जेमतेम अडीच टक्के वाढली: लवचिकता 0.25. रेषा तीच, वाढलेल्या वह्याही दोनच.

दुकानदाराच्या गल्ल्यात हा फरक लगेच दिसतो. 40 वरून 39 वर आल्यावर विक्री 800 रुपयांवरून 858 वर जाते, तर 10 वरून 9 वर आल्यावर 800 वरून 738 वर घसरते. बरोबर मध्यावर, 25 रुपयांना, लवचिकता 1 असते आणि विक्री सर्वांत जास्त, 1250 रुपये. बिंदू पद्धतीत बिंदूखालच्या रेषाखंडाला वरच्या रेषाखंडाने भागतात, त्यातूनही हीच उत्तरं येतात. 40 रुपयांच्या बिंदूखाली रेषेचे चार भाग आहेत आणि वर एक.

'पसरट' आणि 'उभट' यांवर तर मुळीच विसंबू नये. अक्षावर नगांऐवजी डझन घेतले की तीच रेषा उभट दिसू लागते, मागणी मात्र जशीच्या तशी राहते. शिवाय त्याच आलेखावर Q = 50 − P ही दुसरी रेषा काढून बघा. ती दुप्पट उभट आहे, तरी 40 रुपयांना तिची लवचिकताही 4 च येते, कारण दोन्ही रेषा किंमत अक्षाला 50 वरच मिळतात.

आडवी आणि उभी रेषा हे खरे अपवाद, तिथे लवचिकता अनुक्रमे अनंत आणि शून्य राहते. एरवी पसरटपणावरून तुलना करायची, तर दोन रेषा एकमेकींना छेदायला हव्यात. छेदनबिंदूवर किंमत आणि नग दोन्ही समान असतात, म्हणून तिथे पसरट रेषेची लवचिकता खरोखरच जास्त असते.