दोनशे मीटरचा तो फेरफटका अंकात छापायलाच हवा

शाळेच्या अंकासाठी आलेला क्रीडा दिनाचा वृत्तांत न वाचताच सांगता येतो. संचलन, मशाल, पाहुण्यांचं भाषण, ‘सर्व स्पर्धा खेळीमेळीत पार पडल्या’ आणि आभार. यंदा आमच्या नववीतल्या एका मुलीने मात्र दोन पानं फक्त मुलींच्या २०० मीटर शर्यतीवर लिहिली आहेत. ती गाळावीत, शाळेचं नाव खराब होईल, असं अंकाच्या बैठकीत काहींचं म्हणणं पडलं. मला वाटतं, बाकीचं गाळा, ती दोन पानं ठेवा.

बेळगावकडच्या बऱ्याच शाळांसारखंच आमचं ग्राउंड लहान. रुंदी कशीबशी ५१ मीटर, एका अंगाला कंपाउंड, दुसऱ्या अंगाला उसाचं शेत. तिथे ४०० मीटरचा ट्रॅक बसणं शक्यच नाही, म्हणून २०० मीटरचा आखतात. दोन सरळ बाजू ४०-४० मीटरच्या, दोन वळणं ६०-६० ची. पुस्तकातली १.२२ मीटर रुंदीची लेन घेतली तर सहा लेन कंपाउंडाबाहेर जातात. म्हणून लेन एक मीटरची धरली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. आदल्या संध्याकाळी पीटीचे सर कन्नडमधून आकडे सांगत होते, पोरं टेप धरून मराठीत ओरडून उत्तर देत होती, मागून फक्की पडत होती. असं काम आमच्याकडे दरवर्षी असंच चालतं.

घोळ झाला तो स्टॅगरमध्ये. बाहेरच्या लेनचं वळण मोठं, म्हणून तिथल्या धावपटूला पुढे उभं करतात. किती पुढे? पुस्तकात दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर आणि त्यापुढे प्रत्येक लेनला ७.६७ मीटर दिलंय, तेच टाकलं. पण तो हिशोब १.२२ च्या लेनचा आणि आतल्या बाजूला उंचावलेली कड असलेल्या ट्रॅकचा. गंमत अशी की पूर्ण फेरीचा स्टॅगर ट्रॅक २०० चा की ४०० चा, यावर ठरतच नाही. तो ठरतो लेनच्या रुंदीवर. रुंदीला ६.२८ ने गुणायचं, झालं. आमच्या एक मीटरच्या लेनला प्रत्येकी ६.२८ मीटरच हवे होते. म्हणजे सहाव्या लेनची मुलगी ३१.४ मीटर पुढे उभी राहायला हवी होती, ती उभी राहिली ३७.७ वर. सहा मीटरहून जास्त फुकट. ३४ सेकंदांत २०० मीटर धावणाऱ्या पोरीला ही सेकंदाभराची भेट झाली.

हे कोणाच्या लक्षात आलं? पेन्सिल घेऊन निकाल टिपणाऱ्या, ही दोन पानं लिहिणाऱ्या त्याच मुलीच्या. अठरा मुली, तीन हीट, प्रत्येकीतून पहिल्या दोघी फायनलला. तिच्या कागदावर तिन्ही हीटमध्ये पाच आणि सहा नंबरच्या लेनच पुढे. एका हीटमध्ये असं झालं तर योगायोग म्हणता येतं. फायनललाही सहावी लेनच जिंकली, तेव्हा तिने कागद सरांपुढे धरला. सरांनी टेप मागवली. प्रत्येक लेनमध्ये आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून, सुरुवातीच्या रेषेपासून शेवटापर्यंत मोजलं. पहिली लेन २०० भरली, सहावी १९४ च्या आत.

सरांनी सगळ्यांसमोर ते मान्य केलं, नव्या खुणा टाकल्या आणि जेवणानंतर, चिठ्ठ्या टाकून, फायनल पुन्हा घेतली. पहिली आलेली मुलगी यावेळी तिसरी आली. “टीचर, मी काय केलं?” एवढंच तिने विचारलं. तिने काहीच केलं नव्हतं. मैदानात मराठीतून आणि कन्नडमधून घोषणा करताना ‘खुणा चुकल्या होत्या, धावपटूंचा दोष नाही’ हे वाक्य दोन्हीकडे यायला हवं होतं. आलं नाही, नुसतं ‘फेर शर्यत’ म्हटलं. पोरीला दोन दिवस चिडवलं गेलं.

आणि खरं सांगायचं तर फायनल पुन्हा घेऊनही न्याय अर्धाच झाला. पहिल्या-दुसऱ्या लेनमधून धावून हीटलाच बाद झालेल्या मुलींचं काय? फायनलच्या सहाही जणी बाहेरच्या लेनमधून आलेल्या. हीटही पुन्हा व्हायला हव्या होत्या, किंवा १०० मीटर तरी तिरप्या सरळ रेषेत पळवून निवड करता आली असती. बक्षिसं दुपारी चारला वाटायची म्हणून ते झालं नाही. पाहुण्यांची गाडी थांबलेली असली की आमच्याकडे खूप गोष्टी होत नाहीत.

लंगडी, रस्सीखेच, गोळाफेक वगैरे ठीक झालं, त्यावर चार ओळी पुरे.

पुढच्या वर्षासाठी त्या नववीतल्या मुलीने जे लिहिलंय ते मी आहे तसं ठेवणार. एक मीटरच्या लेनचे स्टॅगर ६.२८, १२.५७, १८.८५, २५.१३ आणि ३१.४२ असे लिहून पीटीच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवायचे. २०० मीटरच्या ट्रॅकवर ४०० मीटर लेनमधूनच पळवायचे असतील तर हेच आकडे दुप्पट. फक्की पडल्यावर पहिली आणि शेवटची लेन टेपने मोजल्याशिवाय शर्यत सुरू करायची नाही. आणि प्रत्येक हीटच्या निकालात नावापुढे लेन नंबर लिहायचा. बैठक शनिवारी आहे, विरोध असेल त्यांनी टेप घेऊन यावं.