झाकली मूठ उघडण्याची कला

दुपारी दीडला, नेमका डबा उघडलेला असताना, अनोळखी नंबरवरून नव्या नोकरीसाठी एचआरच्या बाईंचा फोन येईल. 'करंट सीटीसी? एक्स्पेक्टेड? नोटीस पीरियड?' एवढी चौकशी एका दमात होईल. इथे अजिबात अडखळू नका. पद काय, काम काय, कंपनी कोणती, असले फाटे फोडू नका. लगेच सांगून टाका: बारा लाख.

मंडईत आपण असंच तर करतो. आधी भाजीवाल्याला खिशातली नोट दाखवायची, मग मेथीच्या जुडीचा भाव विचारायचा.

'या पदासाठी बजेट काय धरलंय?' असं विचारायची काहींना खोड असते. तुम्हाला ती लागू देऊ नका. बहुतेक वेळा हा आकडा समोरच्या बाईंच्या पुढ्यात असतो, आणि दोनदा नीट विचारलं तर निदान 'अमुकपासून तमुकपर्यंत' एवढं कळतंही. पण त्यांना कशाला संकोचात पाडायचं? त्यांनी कमाल वीस लाख धरले असतील आणि तुम्ही बारा म्हणालात, तर दोघांचंही काम एका मिनिटात होतं. तुमचा डबाही गार होत नाही.

बारा लाख म्हणजे काय, हे मात्र स्वतःलाही विचारू नका. सॅलरी स्लिप उघडून बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. समजा, बेसिक निम्मं, म्हणजे 6 लाख. कंपनीचा पीएफ त्याच्या 12 टक्के, 72 हजार. ग्रॅच्युइटीपोटी 4.81 टक्के, 28,860. व्हेरिएबल 1 लाख 20 हजार, विम्याचा हप्ता 15 हजार. हे सगळं बाजूला काढलं, मग तुमचा स्वतःचा पीएफ आणि महिन्याचा 200 रुपये व्यवसाय कर कापला, की बँकेत साधारण 74 हजार उतरतात. पण 'महिना लाख' म्हणताना छाती जी फुगते, ती 74 हजारांवर फुगत नाही. तेव्हा फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती, हे वेगळं करून सांगू नका.

आता अपेक्षा. 'ॲज पर कंपनी स्टँडर्ड्स' हे उत्तर नम्र आहे आणि समोरच्याला फार आवडतं. अगदीच आकडा हवा असेल तर आत्ताच्या पगारावर तीस टक्के चढवा. बाजारात त्या कामाला काय मिळतं, ही चौकशी करायची नाही. तुम्ही पाच वर्षांपूर्वी कॅम्पसमधून कमी पगारावर लागला असाल, तर ती चूक प्रत्येक नोकरीत तीस टक्क्यांनी वाढवत न्यायची. घराणं असंच चालतं.

काही चलाख मंडळी बाराचे पंधरा सांगतात. तुम्हीही जरूर सांगा. मुलाखती होईपर्यंत कोणी काही म्हणत नाही. मग तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 मागणारा मेल येतो. तो बऱ्याचदा तुम्ही राजीनामा देऊन, टीमला वडापाव खाऊ घातल्यानंतर येतो. 'आकडा सांगायला मला आवडणार नाही, पण माझी अपेक्षा इतकी आहे' हे खरं आणि सोपं वाक्य उपलब्ध असतं. पण त्यात थरार कुठे?

एवढं केलंत तर ऑफर येईलच: 15 लाख 60 हजार. बरोब्बर तीस टक्के! लगेच पेढे आणा. सोबतचं ॲनेक्शर पेढ्यांच्या पुड्याखाली ठेवा, कारण त्यात लिहिलेलं असतं की यातले 60 हजार हा जॉइनिंग बोनस आहे, एकदाच मिळणारा आणि वर्षाच्या आत सोडलंत तर परत करायचा. व्हेरिएबल 20 टक्के, म्हणजे 3 लाख 12 हजार. ते कंपनीची आणि साहेबांची मर्जी जुळली तर पूर्ण. उरले फिक्स्ड 11 लाख 88 हजार. तुमचे जुने फिक्स्ड होते 10 लाख 80 हजार. वाढ झाली दहा टक्के. महिन्याला 9 हजार, तेही पीएफ वगैरे वजा होण्याआधी. आणि नवं ऑफिस हिंजवडीच्या तिसऱ्या फेजला असेल तर त्यातले निम्मे वाकडच्या पुलावरच जिरतील.

या टप्प्यावर 'मला फिक्स्डवर वाढ हवी, जॉइनिंग बोनस सीटीसीबाहेर धरा' असं लिहिता येतं, आणि पुष्कळदा मधला काहीतरी आकडा निघतोही. कारण तीन फेऱ्या घेऊन निवडलेला माणूस सोडून पुन्हा शोध सुरू करणं त्यांनाही जड जातं. पण पेढे वाटून झाल्यावर असलं काही लिहिणं बरं दिसत नाही.

पेढा देवापुढे ठेवता ठेवता आई विचारेल, 'हातात किती येणार रे?'

अख्ख्या महिनाभरात हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. तिला सांगा, 'आई, तुला त्यातलं कळत नाही.'