रिव्ह्यूला उत्तर: तिसरा बँड आमचा, उलटा इन्सर्ट आमचा नाही

★☆☆☆☆ "४.२ केबीचं प्लास्मिड कापून नकाशा द्यायला सांगितलं होतं. न कापलेल्या लेनमध्ये ते २.५ केबी दिसतंय. पीएसटी-वनच्या लेनमध्ये तीन बँड, बेरीज ८.४! नमुन्यात भेसळ झाली आहे. वर इन्सर्ट उलटा असल्याचं सांगतात. रिपोर्टही एक दिवस उशिरा. पैसे वाया."

नमस्कार सर. उशिराबद्दल आणि रिपोर्टमध्ये एका बँडला लेबल लावायचं राहिलं त्याबद्दल मनापासून माफी मागते. त्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि जेल अर्ध्यातच थांबलं. ही आमची अडचण होती, तुमची नव्हे.

पण "भेसळ" हा शब्द लागला. आम्ही दोघीच ही लॅब चालवतो आणि रिव्ह्यू वाचूनच लोक नमुने पाठवतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी न कापलेली लेन. लांबी मोजायला शेजारी धावणाऱ्या लॅडरमधले तुकडे सरळ, दोन टोकांचे असतात. न कापलेलं प्लास्मिड म्हणजे पीळ भरलेलं वर्तुळ. पीळ बसून ते आटोपशीर होतं आणि जेलमधून आपल्या लांबीच्या मानाने पुढे पळतं. म्हणून ४.२ केबीचं असूनही ते २.५ च्या शेजारी दिसलं. त्याच लेनमध्ये वर जो फिकट बँड आहे, तो एका धाग्याला चीर पडून पीळ सुटलेल्या वर्तुळाचा. ते मागे रेंगाळतं. या लेनवरून लांबी वाचायचीच नसते. प्लास्मिड शाबूत आहे का, आणि दुसऱ्या लेनमध्ये काही न कापता उरलं का, एवढ्यासाठीच ती असते.

आता ८.४. ही बेरीज ४.२ च्या बरोबर दुप्पट आहे, हे तुमच्या लक्षात आलं नाही का? तीन बँड होते ४.२, ३.१ आणि १.१. खालच्या दोघांची बेरीज ४.२. तुमच्या प्लास्मिडात पीएसटी-वन हे एन्झाइम कापतं अशा दोन जागा आहेत. ज्या रेणूंत एकच जागा कापली गेली, ते वर्तुळ उघडून अख्खे सरळ झाले. तोच वरचा बँड. म्हणजे कापणं अर्धवट राहिलं, आणि ही चूक आमची. उशीर भरून काढायच्या घाईत एन्झाइमला वेळ कमी दिला. भेसळ असती तर बॅम-एचवनच्या लेनमध्येही आगंतुक बँड दिसला असता. तिथे स्वच्छ २.७ आणि १.५ आहेत: पीयूसी१९ हा व्हेक्टर आणि त्यात बसवलेला तुमचा जीन, म्हणजे इन्सर्ट. तक्रार आल्यावर तोच नमुना निम्मा डीएनए घेऊन आणखी दोन तास कापला. वरचा बँड गेला, खालचे दोन तसेच राहिले. फोटो मेलवर पाठवला आहे.

राहिला उलटा इन्सर्ट. यावर मात्र मी मागे हटणार नाही. बॅम-एचवनने इन्सर्ट अख्खाच सुटून येतो, त्यामुळे त्याची दिशा त्या लेनवरून कळत नाही. पीएसटी-वनने कळते. व्हेक्टरमधली एक जागा इन्सर्टला लागूनच, वीसेक बेसवर आहे. दुसरी तुमच्याच नकाशाप्रमाणे जीनच्या सुरुवातीपासून ०.४ केबीवर. जिथून जीन वाचला जायला सुरुवात होते तो लॅक प्रमोटर व्हेक्टरमधल्या पीएसटी-वनच्याच बाजूला आहे, म्हणून तुम्हाला हवी ती दिशा असती तर ०.४ आणि ३.८ मिळाले असते. मिळाले १.१ आणि ३.१, म्हणजे त्या बाजूला जीनचा शेवट आला आहे. १.१ हा आकडाही अंदाजपंचे नाही. वेलपासून १.५ चा लॅडर-बँड ४८ मिमीवर, १.० चा ५६ वर आणि आपला ५४ वर होता. अंतर लांबीच्या लॉगशी जुळवलं की ११०० च्या आसपास येतं. वरच्या बाजूला बँड दाटीने बसतात, तिथे शे-दोनशे बेसची चूक होऊ शकते, पण ०.४ आणि १.१ मध्ये गफलत होणं शक्य नाही.

दोन्ही टोकांना बॅम-एचवनच ठेवलं की इन्सर्ट कुठल्याही दिशेने बसतो. ते लिगेशन आमच्याकडे झालेलं नाही. कॉलनी तुम्हीच पाठवली होती, सर. आणि रिव्ह्यूला जोडलेल्या फोटोत लॅडरची लेन कापलेली आहे. आमच्या फाइलमध्ये ती होती. लॅडरच नसेल तर पाहणाऱ्याने काय वाचायचं?

यापुढे अर्धवट कापलेल्या बँडवर तशी नोंद करू, वेळेचंही बघू. आणखी सात-आठ कॉलनी पाठवा, पीएसटी-वनने तपासून देऊ. फुकट परवडणार नाही, पण अर्ध्या दरात करू.