ग्रुप उडवला म्हणून यादी उडत नाही

गणपती झाले की पेठापेठांतून एकच सूर निघतो, "वर्गणीचा ग्रुप उडवून टाका आता." उडवा की! पण नेमकं काय उडतं ते आधी बघा.

समजा तालमीचा ३८० जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. रविवारी रात्री नऊला एकानं वर्गणीदारांची यादी टाकली. नाव, पत्ता, मोबाईल, रक्कम, सगळं. बोंबाबोंब झाली. बैठक बसली गुरुवारी आणि ठरलं, ग्रुपच डिलीट करायचा.

आता अॅडमिनचे हाल बघा. आधी उरलेल्या ३७९ जणांना एकेक करून काढायचं. नावावर बोट, 'रिमूव्ह', मग 'ओके' असं धरलं तरी अकराशेच्या वर टिचक्या. मग स्वतः बाहेर पडायचं, मग डिलीट. कंटाळून एकटा अॅडमिन नुसता बाहेर पडला, तर व्हॉट्सअॅप दुसऱ्याच कुणालातरी अॅडमिन करतं आणि ग्रुप चालूच राहतो.

एवढं करून ग्रुप गेला तो अॅडमिनच्या फोनमधून. बाकीच्यांच्या फोनवर जुनं चॅट तसंच, यादीसकट. त्यांना नवीन लिहिता येत नाही, इतकंच. ज्यानं त्यानं आपल्या हातानं डिलीट केलं तरच ते जातं.

माझं मत विचाराल तर ग्रुपच्या मागे लागणं चुकीचं. मागे लागायचं त्या एका मेसेजच्या. यादीवर बोट दाबून धरा आणि 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा. दुसऱ्यानं टाकलेला मेसेजही अॅडमिनला असा काढता येतो. तिथं अॅडमिननं काढल्याची ओळ तेवढी उरते. पण त्याला मुदत आहे, दोन दिवसांपेक्षा थोडी जास्त. म्हणजे मंगळवारी रात्रीपर्यंत उरकायला हवं होतं. गुरुवारची बैठक म्हणजे वरातीमागून घोडं.

वेळेत केलं तरी सगळं पुसलं जात नाही. यादी दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड झाली असेल तर ती प्रत वेगळी, तिला हात लागत नाही. आयफोनवर फोटो आपोआप फोटोजमध्ये सेव्ह झाला असेल तर तो तिथं राहतो. आणि कुणी यादीच्या मजकुरालाच रिप्लाय देऊन "माझे पाचशे कुठं गेले?" विचारलं असेल, तर त्या रिप्लायच्या डोक्यावर मूळ मजकुराचा तुकडा दिसत राहतो. म्हणून तसले रिप्लायही शोधून डिलीट करा. हे हमखास विसरतं.

आपण एकटेच गुपचूप बाहेर पडलो तर फक्त अॅडमिनला कळवलं जातं हे खरं. पण ग्रुप इन्फोमध्ये सोडून गेलेल्यांची यादी असते, तिथं साठ दिवस आपलं नाव कुणालाही दिसतं. आणि आपण टाकलेले मेसेज तर मागे राहतातच.

पुढच्या वर्षी नवा ग्रुप बनवतानाच 'डिसअपिअरिंग मेसेजेस' सात दिवसांवर लावा. मग मेसेज सगळ्यांच्या चॅटमधून आपोआप जातात. मधेच चालू केलं तर आधीच्या मेसेजना ते लागत नाही, त्यामुळं पहिल्या "गणपती बाप्पा मोरया"च्या आधीच लावायचं.